मॉनिटरिंग, व्हेरिफिकेशन आणि व्हॅलिडेशन: दुधाच्या एका व्हॅटवरनं तिन्हींतला फरक, हॅसपच्या थिअरीसाठी

बेळगाव, चिकोडी, निपाणी, खानापूर या पट्ट्यात डेअरी आहेत, कुंद्याचे कारखाने आहेत, गुळाची गुऱ्हाळं आणि साखर कारखाने आहेत, त्यामुळं इथली बरीच पोरं-पोरी फूड सेफ्टीचं सर्टिफिकेट करतात आणि हॅसपचा, म्हणजे अन्नातले धोके आधीच ओळखून रोखायच्या पद्धतीचा, थिअरी पेपर देतात. त्या पेपरात मार्क जातात ते हमखास या तीन शब्दांवर. व्याख्या सगळ्यांना पाठ असतात, पण पेपरात व्याख्या विचारत नाहीत, प्रसंग देतात. थर्मामीटर कॅलिब्रेट केला, सुपरवायझरनं लॉगशीटवर सही केली, लॅबचा रिपोर्ट आला, यातलं मॉनिटरिंग कुठलं आणि व्हेरिफिकेशन कुठलं? मग चार पर्यायांतले दोन बरोबर वाटायला लागतात आणि माणूस अंदाजानं टिक मारतो.

माझं म्हणणं असं आहे की कृतीकडं बघून हा प्रश्न सुटत नाही. थर्मामीटर तिन्हीकडं असतो, टेस्ट रिपोर्ट दोन्हीकडं असतो. ती कृती कुठल्या प्रश्नाचं उत्तर शोधते ते बघायचं, मग गोंधळ राहत नाही. म्हणून इथं एकच सीसीपी, म्हणजे धोका जिथं रोखायचाच तो टप्पा, घेऊ आणि शेवटपर्यंत तोच धरून चालू.

असं धरा की चिकोडी रोडला एक छोटी डेअरी आहे, 500 लिटरचा जॅकेटवाला व्हॅट, वर ढवळणारा अ‍ॅजिटेटर, खाली आउटलेट व्हॉल्व्ह. दूध त्यात घेऊन 63 अंश सेल्सिअसला 30 मिनिटं धरतात, म्हणजे बॅच पाश्चरायझेशन. धोका आहे कच्च्या दुधातल्या रोगजंतूंचा, सीसीपी आहे हा व्हॅट, आणि क्रिटिकल लिमिट दोन भागांत आहे, कमीत कमी 63 अंश आणि सलग 30 मिनिटं.

पहिली पायरी: व्हॅलिडेशन, म्हणजे ही लिमिट मुळात पुरेशी आहे का

व्हॅलिडेशनचा प्रश्न असा, की आपण ठरवलंय तसं अगदी काटेकोर केलं, तर धोका खरंच आटोक्यात येईल का? यात ऑपरेटरनं काम नीट केलं की नाही याचा संबंधच नाही, नीट केलं असं गृहीत धरूनच हा प्रश्न विचारलेला असतो. कोडेक्स म्हणजे अन्नाची आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड ठरवणारी संस्था, तिच्या व्याख्येत इफ प्रॉपर्ली इम्प्लिमेंटेड आणि केपेबल असे शब्द आहेत. पेपर इंग्रजीत असला तर प्रसंगात यांच्याच अर्थाचं काही दिसतंय का ते आधी बघा.

याचं एक खरं उदाहरण दुधाच्याच इतिहासात आहे आणि ते लक्षात राहिलं की व्हॅलिडेशन विसरत नाही. अमेरिकेत पूर्वी बॅच पाश्चरायझेशनची लिमिट होती 61.7 अंश आणि 30 मिनिटं, ती क्षयाच्या जंतूसाठी पुरेशी होती. नंतर लक्षात आलं की क्यू फीव्हरचा जंतू, कॉक्सिएला बर्नेटी, त्यापेक्षा चिवट आहे आणि दुधात तो खूप संख्येनं असेल तर 61.7 ला वाचू शकतो. म्हणून 1956 साली लिमिट वाढवून 62.8 अंश केली आणि आपण जे 63 म्हणतो ते तिथनं आलंय. आता बघा, त्या काळातल्या एखाद्या डेअरीत तापमानाच्या नोंदी बरोबर होत्या, थर्मामीटर बरोबर होता, तपासणीही बरोबर होती, तरी लिमिटच अपुरी होती. त्यात मॉनिटरिंगची चूक नाही, व्हेरिफिकेशनचीही नाही, पुरावा नव्या धोक्याला पुरत नव्हता एवढंच, आणि त्या पुराव्यालाच व्हॅलिडेशन म्हणतात.

आपल्या डेअरीला हा पुरावा दोन भागांत गोळा करावा लागतो.

पहिला भाग कागदावरचा. 63 अंशांना 30 मिनिटं किंवा 72 अंशांना 15 सेकंद या जोड्या कोडेक्सच्या दुधाच्या नियमावलीत आहेत, आपल्या एफएसएसएआयच्या स्टँडर्डमध्येही आहेत, म्हणून प्रयोगशाळेत जंतू घालून प्रयोग करायची गरज आपल्याला पडत नाही. पेपरात सायंटिफिक लिटरेचर, रेग्युलेटरी गाइडलाइन, चॅलेंज स्टडी, प्रेडिक्टिव्ह मॉडेल असलं काही आलं की तो व्हॅलिडेशनचा पुरावा समजायचा.

दुसरा भाग आपल्या जागेवरचा, आणि बरीच जणं हा सोडून देतात. पुस्तकातली लिमिट बरोबर आहे, पण आपल्या व्हॅटमधल्या दुधाच्या प्रत्येक थेंबाला ती मिळते का? त्यासाठी व्हॅटमध्ये चार-पाच ठिकाणी प्रोब लावून तापमान बघायचं, मधोमध, भिंतीलगत, तळाशी, आउटलेट व्हॉल्व्हच्या तोंडाशी आणि वरच्या फेसाखाली. दुधाच्या वरच्या रिकाम्या जागेतल्या हवेचंही तापमान घ्यायचं, कारण फेस थंड राहिला तर त्यातले जंतू वाचतात. अमेरिकेच्या दूध नियमावलीत ती हवा दुधाच्या किमान लिमिटपेक्षा साधारण 3 अंश जास्त गरम ठेवायला सांगितलीय. ही चाचणी सोयीच्या दिवशी करून चालत नाही, सगळ्यात वाईट परिस्थितीत करायची. व्हॅट पूर्ण भरलेला, दूध चिलिंगमधनं आलेलं थंडगार, डिसेंबरातली बेळगावची पहाट, आणि मध्ये लाइट गेली तर अ‍ॅजिटेटर थांबल्यावर काय होतं तेही बघायचं. एकाच बॅचवर समाधान मानायचं नाही, तीन वेगवेगळ्या बॅच घ्यायची पद्धत आहे. सगळ्यात थंड जागा सापडली की घड्याळ त्या जागेनं 63 गाठल्यावर चालू करायचं, मधल्या प्रोबनं गाठल्यावर नाही.

या चाचणीतनं समजा असं निघालं की मधला थर्मामीटर 63 दाखवतो तेव्हा तळाशी 62.2 च असतं. मग डेअरीनं ठरवायचं की आपण मधल्या थर्मामीटरवर 64.5 ला चालवू. हा 64.5 म्हणजे ऑपरेटिंग लिमिट, क्रिटिकल लिमिट 63 च राहते. 64.5 वरनं 63.8 वर आलं तर ऑपरेटर वाफ वाढवतो, पण थांबा, या व्हॅटमध्ये मधला थर्मामीटर 63.8 असताना तळ 63.0 वर असतो, म्हणजे अगदी कडेवर. मधला काटा त्याच्याही खाली गेला की या व्हॅटपुरतं डिव्हिएशन, म्हणजे लिमिट मोडली, असं धरायचं. ही गोष्ट फक्त जागेवरच्या चाचणीतनं कळते, पुस्तकात कुठंच लिहिलेली नसते.

व्हॅलिडेशन कधी करायचं यावर प्रश्न हमखास असतो. प्लॅन लागू करायच्या आधी करायचं, आणि पुढं काही बदललं तर परत करायचं. समजा याच डेअरीनं उन्हाळ्यासाठी साखर घातलेलं बदामी दूध चालू केलं. साखर आणि फॅट जंतूंना उष्णतेपासनं थोडं वाचवतात, म्हणून अमेरिकेच्या नियमावलीत गोड घातलेल्या किंवा 10 टक्के किंवा जास्त फॅट असलेल्या दुधाला तापमान 3 अंशांनी वाढवायला सांगितलंय. म्हणजे साध्या दुधाचं व्हॅलिडेशन बदामी दुधाला चालत नाही, व्हॅट तोच, ऑपरेटर तोच, थर्मामीटर तोच असला तरी. नवा व्हॅट आणला, बॅचचं प्रमाण वाढवलं, अ‍ॅजिटेटर बदलला, किंवा सगळं बरोबर चाललेलं असून लॅबमध्ये वाईट रिझल्ट यायला लागले, तर परत व्हॅलिडेशन.

दुसरी पायरी: मॉनिटरिंग, म्हणजे आत्ता लिमिट पाळली जातेय का

हे समजायला सगळ्यात सोपं आहे, करायला तेवढं नाही. दूध व्हॅटमध्ये असताना, म्हणजे अजून काहीतरी करता येण्यासारखं असताना, ठरलेल्या वेळी ठरलेलं माप घेणं म्हणजे मॉनिटरिंग. प्लॅनमध्ये त्याला चार गोष्टी लिहाव्या लागतात, काय मापायचं, कसं मापायचं, किती वेळानं आणि कोण मापणार. आपल्या व्हॅटला: दुधाचं तापमान, वरच्या हवेचं तापमान आणि वेळ, व्हॅटवरचा थर्मामीटर आणि चार्ट रेकॉर्डर, रेकॉर्डर चालूच राहणार आणि ऑपरेटर सुरुवातीला, मध्ये दर 5 मिनिटांनी आणि शेवटी डोळ्यांनी वाचून लिहिणार.

मॉनिटरिंगची खरी ओळख म्हणजे त्यातनं लगेच कृती निघते. 18 व्या मिनिटाला काटा खाली गेला तर ऑपरेटर तिथल्या तिथं वाफ वाढवणार, दूध परत लिमिटवर आणणार आणि घड्याळ शून्यापासनं सुरू करणार, 18 नंतर उरलेली 12 मिनिटं मोजून चालत नाही कारण 30 मिनिटं सलग पाहिजेत. जी तपासणी दूध पिशवीत गेल्यावर उत्तर देते ती मॉनिटरिंग म्हणून उपयोगाची नाही. एवढ्यावरच पेपरातले निम्मे प्रश्न सुटतात.

आपल्या भागातली एक गोष्ट इथं सांगायलाच पाहिजे. डेअरी मालक मराठी, सुपरवायझर मराठी, आणि रात्रपाळीचा ऑपरेटर कन्नड शाळेत शिकलेला, असं सर्रास असतं, आणि लॉगशीट मात्र कन्सल्टंटनं इंग्रजीत करून दिलेली. मग डिव्हिएशन झालं तर काय करायचं ही ओळ त्याला वाचता येत नाही, तो आकडा तेवढा भरतो. मॉनिटरिंग करणाऱ्याला लिमिट आणि लिमिट मोडल्यावरची कृती दोन्ही कळली पाहिजेत, म्हणून शीटवर कन्नड आणि मराठी दोन्ही ठेवा.

तिसरी पायरी: व्हेरिफिकेशन, म्हणजे ठरवल्याप्रमाणं खरंच झालं का

व्हेरिफिकेशनची कोडेक्सची व्याख्या लांब आहे पण त्यातले इन अ‍ॅडिशन टू मॉनिटरिंग हे शब्द धरून ठेवा, म्हणजे मॉनिटरिंग सोडून जे जास्तीचं तपासलं जातं ते. पद्धती, टेस्ट, रेकॉर्डची तपासणी, ऑडिट हे सगळं यात येतं. यातनं कळतं की प्लॅन कागदावर आहे तसाच जागेवर चाललाय, आणि ज्या मॉनिटरिंगवर आपण विसंबलोय ते विश्वासाचं आहे.

दुधाच्या व्हॅटला यात मुख्यतः तीन गोष्टी येतात, आणि तिसरी नीट समजून घ्या.

पहिली, थर्मामीटरची तपासणी. मॉनिटरिंगचं सगळं बळ त्या एका काट्यावर आहे, तो खोटा असला तर लॉगशीट कितीही सुंदर असली तरी खोटी. बारीक कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी घेऊन, ढवळून, प्रोब तळाला न टेकवता धरला की 0 दाखवला पाहिजे. उकळत्या पाण्याची तपासणी करणाऱ्यांनी मात्र एक लक्षात ठेवा, बेळगाव समुद्रसपाटीपासनं साधारण साडेसातशे मीटरवर आहे, इथं पाणी 100 ला उकळत नाही, 97.5 च्या आसपास उकळतं. पुस्तक बघून 100 पर्यंत काटा फिरवून घेतला तर थर्मामीटर अडीच अंश जास्त दाखवायला लागतो, आणि पाश्चरायझेशनमध्ये जास्त दाखवणारा थर्मामीटर सगळ्यात धोक्याचा. चांगलं म्हणजे सर्टिफिकेट असलेल्या रेफरन्स थर्मामीटरबरोबर 63 च्या आसपासच्या गरम पाण्यात दोन्ही एकत्र बुडवून ताडायचं, कारण आपल्याला काटा तिथंच खरा पाहिजे. पेपरातलं उत्तर: कॅलिब्रेशन म्हणजे व्हेरिफिकेशन. थर्मामीटर वाचणं मॉनिटरिंग, थर्मामीटर खरा आहे का बघणं व्हेरिफिकेशन.

दुसरी, नोंदींची तपासणी आणि प्रत्यक्ष पाहणी. लॉगशीटवर सुपरवायझर सही करतो ती नुसती सही नसते, त्यानं चार्टचा कागद आणि हातानं लिहिलेले आकडे शेजारी ठेवून बघायचं असतं. सात ओळींत सातही वेळा 64.5, 64.5, 64.5, एकाच पेनानं, एकाच दाबानं, आणि अक्षरं खाली सरकत जातात तशी जराही सरकलेली नाहीत, तर समजायचं शीट शेवटी बसून एकदम भरलीय. खऱ्या व्हॅटवर काटा 64.4, 64.7, 64.5 असा थोडा हलतोच. दुसरी खूण वेळेची असते, पाच-पाच मिनिटांनी नोंद आहे पण चार्टवर मध्येच लाइट गेल्याचा खड्डा दिसतोय आणि हातानं लिहिलेल्या शीटवर त्याचा मागमूस नाही. सुपरवायझर ऑपरेटरशेजारी उभा राहून तो वाचन कसं घेतो ते बघतो तेही व्हेरिफिकेशन, जरी तो त्या वेळी तोच काटा बघत असला तरी, कारण तो दुधाला तपासत नाही, मॉनिटरिंगला तपासतोय. या ठिकाणी पेपरात लई जण फसतात.

तिसरी, फॉस्फटेज टेस्ट. कच्च्या दुधात अल्कलाइन फॉस्फटेज नावाचं एन्झाइम असतं, आणि ते मरायला रोगजंतूंपेक्षा किंचित जास्त उष्णता लागते. म्हणून दूध नीट पाश्चराइझ झालं असेल तर टेस्ट निगेटिव्ह येते, एफएसएसएआयच्या स्टँडर्डमध्येही पाश्चराइझ्ड दुधाला निगेटिव्ह फॉस्फटेज मागितलीय. लॅबमध्ये नमुना 37 अंशांना 2 तास रिएजंटबरोबर ठेवतात, पिवळा रंग आला तर पॉझिटिव्ह. आता स्वतःला विचारा, हे मॉनिटरिंग का नाही? दोन तासांत बॅच संपून, थंड होऊन, पॅकिंगला गेलेली असते, त्यामुळं त्या वेळेस वाफ वाढवून उपयोग नसतो. झालेल्या कामाची खात्री करणारी म्हणून ती व्हेरिफिकेशन.

पण हीच टेस्ट तुम्ही नव्या व्हॅटच्या ट्रायल बॅचमध्ये केली, लिमिट पुरते का हे सिद्ध करायला, तर तीच टेस्ट व्हॅलिडेशनच्या पुराव्यात जाते. म्हणून मी सुरुवातीला म्हटलं की कृतीवरनं ठरवू नका. प्रश्नात रुटीन, पिरिऑडिक, प्रत्येक बॅच असं असेल तर व्हेरिफिकेशन, लागू करायच्या आधी किंवा बदलानंतर असं असेल तर व्हॅलिडेशन.

व्हेरिफिकेशन कोण करतो? कोडेक्स आणि आयएसओ 22000 दोन्हीत हे सांगितलंय की ज्यानं मॉनिटरिंग केलं त्यानंच स्वतःच्या कामाचं व्हेरिफिकेशन करू नये. घरच्या दोन-तीन माणसांत चालणाऱ्या डेअरीत हे अवघड जातं, तेव्हा बाहेरचा तज्ज्ञ किंवा लॅब बोलावायला कोडेक्सची मोकळीक आहे.

एक बिघाड, पूर्ण उलगडून

तिन्हींचं नातं बिघाडातच नीट दिसतं, म्हणून याच व्हॅटवर एक धरू. महिन्याच्या तपासणीत रेफरन्स थर्मामीटर 61 दाखवतोय आणि व्हॅटवरचा 63. म्हणजे व्हॅटवरचा दोन अंश जास्त दाखवतो. गेल्या महिन्याच्या तपासणीत तो बरोबर होता.

दोन अंश म्हणजे किती नुकसान? 63 ला 30 मिनिटं आणि 72 ला 15 सेकंद हे परिणामानं साधारण सारखे धरले, तर 9 अंशांच्या फरकात वेळ 120 पटीनं बदलते. त्या हिशोबानं दर 4.3 अंशांना वेळ दहा पट होते, आणि 2 अंश कमी पडले तर वेळ जवळजवळ तिप्पट लागते. म्हणजे 61 ला 30 मिनिटं धरलेलं दूध 63 ला जेमतेम 10 मिनिटं धरल्यासारखं. हा ढोबळ हिशोब आहे, लिमिट ठरवायला वापरू नका, पण दोन अंशांना काय होतंय असं म्हणणाऱ्याला दाखवायला पुरतो.

डेअरीनं ऑपरेटिंग लिमिट 64.5 ठेवली होती, म्हणजे काटा 64.5 असताना मध्ये खरं 62.5 आणि तळाशी आणखी 0.8 कमी, 61.7. राखलेलं दीड अंशाचं अंतर दोन अंशांच्या चुकीला पुरलं नाही.

आता कोण चुकलं? मॉनिटरिंग पद्धतीनं झालं होतं, ऑपरेटरनं जे दिसलं ते लिहिलं. व्हॅलिडेशनही चुकलेलं नाही, खरे 63 अंश खऱ्या 30 मिनिटांना आजही पुरतात. खोटं ठरलं ते साधन, आणि ते पकडलं व्हेरिफिकेशननं. पेपरात विचारतील की यातनं पुढं काय करायचं. गेल्या वेळी काटा बरोबर सापडला होता त्या दिवसापासनं आजपर्यंतच्या सगळ्या बॅच संशयाखाली घ्यायच्या. गोडाऊनात आहे ते होल्ड, बाहेर गेलंय त्याचं फॉस्फटेज रेकॉर्ड बघायचं आणि पुरावा नसेल तर रिकॉलचा निर्णय. थर्मामीटर बदलायचा, तपासणी महिन्याऐवजी आठवड्याला आणायची. यावरनं हेही कळतं की व्हेरिफिकेशनची फ्रिक्वेन्सी कशी ठरवायची: चूक सापडली तर किती दिवसांचा माल परत बोलवायची आपली तयारी आहे, त्यापेक्षा जास्त अंतर ठेवू नये.

आता उलटा प्रकार घ्या. काटा बरोबर आहे, शीट खरी आहे, चार्ट स्वच्छ आहे, आणि तरी फॉस्फटेज पॉझिटिव्ह. तर दोन जागा बघायच्या. पहिली, पाश्चराइझ झाल्यावर कुठंतरी कच्चं दूध मिसळतंय का, तोच पाइप, तोच पंप, तीच बादली. ती स्वच्छतेची आणि पाइपलाइनची बाब. दुसरी, आउटलेट व्हॉल्व्हचं तोंड. व्हॅट आणि व्हॉल्व्हच्या मध्ये आखूड पाइप असला तर त्यात भरलेलं दूध ढवळलं जात नाही, तापत नाही, आणि बॅच संपल्यावर तेच कच्चं दूध पहिल्यांदा बाहेर पडून सगळ्यात मिसळतं. व्हॅलिडेशनच्या वेळी तिथं प्रोब लावलाच नसेल, तर पुरावाच अर्धा होता. हे व्हॅलिडेशनचं भोक. व्हॅटला लगत बसणारा व्हॉल्व्ह लावायचा आणि परत सगळीकडं प्रोब लावून तापमान बघायचं. नुसतं तापमान 65 करून भागणार नाही, त्या पाइपातलं दूध 65 लाही तापत नाही.

पेपरात जुनं-नवं कुठं अडवतं

एका गोष्टीवर पोरं वाद घालतात, व्हॅलिडेशन हा व्हेरिफिकेशनचा भाग आहे की वेगळा. दोन्ही वाक्यं पुस्तकात सापडतात. अमेरिकेच्या नॅशनल अ‍ॅडव्हायझरी कमिटीच्या 1997 च्या मार्गदर्शिकेत व्हॅलिडेशनला व्हेरिफिकेशनचाच एक घटक म्हटलंय. कोडेक्सनं 2008 मध्ये व्हॅलिडेशनवर वेगळी मार्गदर्शिका काढली आणि 2020 च्या सुधारणेत हॅसपच्या तत्त्वांतच ते वेगळं दाखवलं: तिसऱ्या तत्त्वात व्हॅलिडेटेड क्रिटिकल लिमिट ठरवा, आणि सहाव्यात प्लॅन व्हॅलिडेट करा व मग व्हेरिफिकेशनच्या पद्धती ठरवा. म्हणून प्रश्नात कुठल्या स्टँडर्डप्रमाणं विचारलंय ते वाचा. काहीच दिलं नसेल आणि अभ्यासक्रम कोडेक्सवर असेल तर वेगळं धरा. आयएसओ 22000 च्या 2018 च्या आवृत्तीत वेळेवरनं फरक दिलाय, व्हॅलिडेशन कृतीच्या आधी, मॉनिटरिंग कृती चालू असताना, व्हेरिफिकेशन कृतीनंतर. हे लक्षात ठेवायला सोपं आहे, पण आंधळेपणानं वापरू नका, कारण ऑपरेटरच्या शेजारी उभं राहून केलेली पाहणी कृती चालू असतानाच होते आणि तरी ती व्हेरिफिकेशन असते.

आता पाच-सहा प्रसंग उलगडून बघू, पर्याय न बघता आधी स्वतः ठरवा.

कुंद्याच्या युनिटात येणारा दूधवाला थंड दूध देतो का ते स्वीकारताना मोजलं. उत्तर मॉनिटरिंग, कारण जास्त गरम असलं तर तिथंच परत पाठवता येतं.

क्यूए मॅनेजरनं आठवड्याच्या सगळ्या लॉगशीट आणि डिव्हिएशनवर केलेल्या कृती तपासल्या. व्हेरिफिकेशन. डिव्हिएशनवरची कृती स्वतः वेगळ्या तत्त्वात येते, पण ती नीट झाली का हे बघणं व्हेरिफिकेशनच.

मेटल डिटेक्टरमधनं दर तासाला टेस्ट पीस, म्हणजे ठरलेल्या आकाराचा धातूचा तुकडा, सोडून मशीन थांबतं का बघितलं. यावर वेगवेगळ्या अभ्यासक्रमांत वेगवेगळी उत्तरं दिलेली आढळतात, म्हणून कारण सांगता आलं पाहिजे. मशीनमधनं जाणाऱ्या मालाची छाननी चालू असते ती मॉनिटरिंग, आणि मशीन अजून ओळखतंय का हे बघणं म्हणजे साधन तपासणं, म्हणजे व्हेरिफिकेशनच्या बाजूचं. पण कंपनीच्या प्लॅनमध्ये दर तासाची टेस्ट पीस तपासणीच मॉनिटरिंग म्हणून लिहिलेली असेल आणि प्रश्नात ते दिलं असेल, तर दिलंय ते धरा.

टेस्ट पीस कुठल्या आकाराचा असावा हे उत्पादनावर चाचण्या करून ठरवलं. व्हॅलिडेशन, कारण इथं क्षमतेचा पुरावा मिळवलाय.

वर्षातनं एकदा प्लॅन परत वाचून, पाककृती, पुरवठादार आणि मशिनरी बदललीय का ते बघितलं. हे रिव्ह्यू किंवा रिअ‍ॅसेसमेंट, पर्यायात ते नसेल तर व्हेरिफिकेशनवर टिक करा, आणि बदल सापडला म्हणून परत पुरावा गोळा करायला घेतला तर तिथनं पुढचं व्हॅलिडेशन.

तयार मालाच्या पिशव्या बाहेरच्या लॅबला पाठवून टोटल प्लेट काउंट आणि कोलिफॉर्म बघितले. व्हेरिफिकेशन, आणि जोडीला हे लिहा की रिझल्ट दोन दिवसांनी येतो, म्हणून त्यावर बॅचचं नियंत्रण अवलंबून ठेवता येत नाही. दोन मार्कांच्या प्रश्नात हे वाक्य दुसरा मार्क मिळवून देतं.